वाटीभर पालक, वाटीभर वाटाणा : प्रथिनांचा खरा हिशेब

वृद्ध माणसांच्या आहाराविषयी बोलताना एक वाक्य घरोघरी ऐकू येते. "आईंना आम्ही रोज पालेभाजी देतो, त्यामुळे प्रथिनांची काळजी नाही." अलीकडे त्यात ब्रोकोलीची भर पडली आहे. शहरात नोकरी करणारा मुलगा किंवा नातू मोबाइलवर वाचून ती घेऊन येतो, आणि एवढी महाग भाजी आणली म्हणजे तिच्यात प्रथिने भरपूर असणारच, असे घरातील सर्वांना वाटते. भाज्यांत प्रथिने असतात, हे खरे आहे. मात्र किती असतात, आणि ती सत्तरीच्या माणसाची गरज भागवण्यास पुरतात का, याचा हिशेब सहसा कोणी करत नाही. आज आपण वाटाणा, पालक आणि ब्रोकोली या तीन भाज्या घेऊन तो हिशेब करू. त्यासाठी आपले नेहमीचे माप घेऊ, म्हणजे दीडशे मिलीलिटरची जेवणातील वाटी.

प्रथम गरज किती ते पाहू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये प्रौढ व्यक्तींसाठी जी शिफारस केली, तिच्यानुसार शरीराच्या दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. उतारवयात स्नायू झिजण्याचा वेग वाढतो आणि खाल्लेल्या प्रथिनांपासून नवा स्नायू घडवण्याची शरीराची क्षमता मंदावते. म्हणून वार्धक्यातील पोषणाचा अभ्यास करणारे तज्ज्ञ निरोगी वृद्धांसाठी दर किलोमागे १ ते १.२ ग्रॅम इतके प्रमाण सुचवतात. पन्नास किलो वजनाच्या आजींना याप्रमाणे दिवसाला ५० ते ६० ग्रॅम प्रथिने हवीत. पुढील सर्व हिशेबात आपण ५० हा आकडा धरू. ज्यांचे मूत्रपिंड कमजोर आहे, त्यांचा हिशेब वेगळा असतो. त्याविषयी पुढे सांगितले आहे.

तीन वाट्यांची तुलना

शिजवलेल्या पालकाची एक वाटी म्हणजे साधारण दीडशे ग्रॅम निवडलेला कच्चा पालक. तिच्यातून सुमारे ३ ग्रॅम प्रथिने मिळतात. वाफवलेल्या ब्रोकोलीच्या वाटीतून अडीच ग्रॅमच्या आसपास मिळतात. सोललेल्या ओल्या वाटाण्यांच्या वाटीतून मात्र ५ ते ७ ग्रॅम मिळतात. वाटाण्याचा दाणा कोवळा की भरलेला, वाण कोणता, यांवर हा आकडा थोडा खालीवर होतो. गोठवून पिशवीत विकल्या जाणाऱ्या वाटाण्यातील प्रथिने ताज्या वाटाण्याइतकीच असतात, त्यामुळे हंगाम नसताना तो वापरण्यास हरकत नाही.

आता याच वाटीत इतर पदार्थ घालून पाहू. घट्ट वरणाच्या वाटीत तीस ग्रॅम कोरडी डाळ असेल, तर तिच्यातून सहा-साडेसहा ग्रॅम प्रथिने मिळतात. मटकीच्या उसळीच्या वाटीतून सुमारे ६, वाटीभर दूध किंवा दह्यातून ५, एका अंड्यातून ६ आणि मूठभर शेंगदाण्यांतून सुमारे ६ ग्रॅम मिळतात.

या तुलनेत एक चूक नेहमी होते, ती टाळली पाहिजे. पुस्तकातील तक्त्यात तूरडाळीपुढे १०० ग्रॅमला सुमारे २१ ग्रॅम प्रथिने असे लिहिलेले असते आणि वाटाण्यापुढे ५ ते ७. ते वाचून वाटाणा डाळीच्या एक चतुर्थांश मोलाचा वाटतो. पण डाळीचा आकडा कोरड्या डाळीचा असतो आणि ओल्या वाटाण्यात तीन हिस्से पाणीच असते. डाळ शिजली की तीही पाणी शोषून घेते. म्हणून कोरड्याची ओल्याशी तुलना न करता वाटीची वाटीशी तुलना करावी. तशी केली, की वाटाण्याची वाटी वरणाच्या वाटीच्या जवळजवळ बरोबरीला येते. पालक आणि ब्रोकोली मात्र वाटी-वाटीच्या तुलनेतही निम्म्यावर किंवा त्याहून खाली राहतात.

वाटाणा वेगळा का?

याचे कारण वनस्पतीच्या अवयवांत आहे. पालक हे पान आहे. त्याचे दहातील नऊ हिस्से पाणी असते आणि उरलेल्यात तंतू, क्षार व थोडी प्रथिने असतात. ब्रोकोली ही फ्लॉवरच्या कुळातील, न उमललेल्या कळ्यांचा गड्डा असलेली भाजी. तिचीही गोष्ट तीच. वाटाणा मात्र बी आहे. बीजातून फुटणाऱ्या अंकुराला पहिले काही दिवस पोसण्यासाठी झाड त्यात प्रथिनांचा साठा करून ठेवते. शिवाय वाटाणा शेंगवर्गीय आहे. त्याच्या मुळांवरील गाठींत राहणारे जिवाणू हवेतील नत्र झाडाला मिळवून देतात, आणि नत्राखेरीज प्रथिने घडत नाहीत. थोडक्यात, आपण वाटाण्याला भाजी म्हणतो कारण तो भाजीबाजारात मिळतो. आहाराच्या दृष्टीने तो हरभरा, मटकी, तूर यांचा ओला भाऊबंद आहे. तुरीचे ओले दाणे, ओला हरभरा, पावटा आणि वालाचे दाणे यांचेही असेच आहे. अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली, ती गावठी बियाणे जपण्याच्या कामासाठी. वाल-घेवड्याचे गावठी वाण त्या कामाचा मोठा भाग आहेत. परसदारी चढवलेला असा एखादा वेल घरातील म्हाताऱ्या माणसाला ब्रोकोलीच्या गड्ड्याहून अधिक प्रथिने देतो, पण त्याच्या शेंगा दाणे भरल्यावर खुडल्या तरच. कोवळी शेंग सालीसकट चिरली, तर ती पुन्हा साधी भाजीच ठरते.

आपल्या जिल्ह्यात वाटाणा काही परका नाही. पारनेर तालुक्यातील कान्हूर पठाराच्या परिसरात पावसाच्या भरवशावर वाटाणा पेरतात. जूनमध्ये पेरलेला हा वाटाणा ऑगस्ट-सप्टेंबरात बाजारात येतो. नंतर थंडीतला वाटाणा सुरू होतो. शेंगा विकत घेताना हे ध्यानात ठेवावे, की किलोभर शेंगा सोलल्यावर हाती साधारण चारशे ग्रॅम दाणे येतात, म्हणजे चार वाट्या. दोन माणसांच्या घरात एका वेळच्या उसळीसाठी अर्धा किलो शेंगा पुरतात.

ज्या ताटात सर्व काही आहे

आता एक ताट प्रत्यक्ष मोजू. समजा, नगर जिल्ह्यातील एखाद्या गावात पंचाहत्तर वर्षांच्या आजी आहेत. वजन पन्नास किलो, शाकाहारी, मधुमेह नाही, मूत्रपिंडाचा त्रास नाही. सूनबाई मायेने करतात आणि ताटात काही उणे नाही असे सर्वांना वाटते. सकाळ-संध्याकाळच्या चहात मिळून शंभर मिलीलिटर दूध जाते, त्याचे ३ ग्रॅम. न्याहारीला पोहे, ३ ग्रॅम. दुपारी ज्वारीची एक लहान भाकरी, ५ ग्रॅम. वाटीभर पालक, ३ ग्रॅम. वरण पातळ, कारण आजींना पातळच आवडते. त्या वाटीत पंधराच ग्रॅम डाळ असते, म्हणून ३ ग्रॅम. थोडा भात, २ ग्रॅम. संध्याकाळी दोन बिस्किटे, १ ग्रॅम. रात्री मऊ खिचडी, पण तिच्यात तांदूळ जास्त आणि डाळ नावापुरती, म्हणून ५ ग्रॅम. सोबत नातवाने आणलेल्या ब्रोकोलीची भाजी, ३ ग्रॅम. बेरीज झाली २८. हव्या होत्या ५०.

इथे भाज्यांचा वाटा २८ पैकी ६ ग्रॅम आहे. मग भाजी वाढवून तूट भरून काढता येईल का? दोन्ही भाज्या दुप्पट केल्या, तरी सहाच ग्रॅम वाढतात आणि बेरीज ३४ वर थांबते. शिवाय आजींच्या पोटाला मर्यादा आहे. जास्तीच्या दोन वाट्या भाजी खाल्ली की भाकरी उष्टी राहते, भात नको होतो, आणि वाढलेले सहा ग्रॅम दुसऱ्या दाराने निघून जातात. ५० ग्रॅम प्रथिने एकट्या पालकातून मिळवायची, तर दिवसाला दोन किलोंहून अधिक निवडलेला पालक खावा लागेल. ब्रोकोलीही जवळपास तेवढीच लागेल. तरुण माणसालाही हे जमणार नाही.

"पालकात मांसापेक्षा जास्त प्रथिने" अशा आशयाचे संदेश फिरत असतात, त्यांचे मूळ एका वेगळ्या मापात आहे. ती तुलना वजनावर किंवा वाटीवर केलेली नसते, उष्मांकांवर केलेली असते. पालकात उष्मांक फारच थोडे, शंभर ग्रॅममागे पंचवीसच्या आत. त्यामुळे शंभर उष्मांकांपुरता पालक घेतला तर त्यात ९ ते १२ ग्रॅम प्रथिने निघतात आणि कागदावर तो डाळीच्याही पुढे जातो. पण शंभर उष्मांकांचा पालक म्हणजे चारशे ग्रॅमहून अधिक पालक. ज्याला वजन कमी करायचे आहे अशा पन्नाशीच्या माणसाला ही तुलना उपयोगी पडेल. ज्या आजी दोन घास खाऊन ताट सरकवतात, त्यांना मात्र थोड्या जागेत जास्त पोषण देणारे अन्न हवे असते, आणि पालक त्याच्या नेमका उलट आहे.

तेच घर, तोच बाजार

हीच तूट नेहमीच्या जिन्नसांतून कशी भरते ते पाहा. चहा तसाच ठेवू, ३ ग्रॅम. न्याहारीला पोह्यांऐवजी चाळीस ग्रॅम मूगडाळ भिजवून, वाटून केलेली मऊ धिरडी, ९ ग्रॅम. दुपारी तीच भाकरी, ५ ग्रॅम. पातळ वरणाऐवजी वाटीभर मटकीची उसळ, ६ ग्रॅम. वाटीभर दही, ५ ग्रॅम. पालक अर्धी वाटी, दीड-दोन ग्रॅम, तो आपण २ धरू. संध्याकाळी बिस्किटांऐवजी वीस ग्रॅम फुटाणे, आणि दात नसतील तर त्यांचे पीठ ताकात कालवून, ४ ग्रॅम. रात्रीच्या खिचडीत तीस ग्रॅम तांदळाला वीस ग्रॅम मूगडाळ, ७ ग्रॅम. तिच्यात अर्धी वाटी वाटाणा, ३ ग्रॅम. झोपण्यापूर्वी पेलाभर, म्हणजे दोनशे मिलीलिटर दूध, ६ ग्रॅम. बेरीज बरोबर ५०.

या दिवसात भाज्यांचा वाटा ५० पैकी ५ ग्रॅम, म्हणजे दहावा हिस्सा आहे आणि त्यातही मोठा भाग वाटाण्याचा. भाज्यांतील प्रथिने हिशेबात धरावीत, पण सुट्या पैशांसारखी. त्यांच्यावर महिन्याचा खर्च चालत नाही, तरी ती फेकूनही देऊ नयेत. लक्ष्य गाठायचे ते डाळ, उसळ, दूध-दही आणि चालत असतील तर अंडी यांच्या जोरावर.

वाटाणा आणि भाकरी यांची जोडी आणखी एका कारणाने उपयोगी आहे. ज्वारी-बाजरीच्या प्रथिनांत लायसिन नावाचा घटक कमी असतो, तो वाटाण्यात आणि इतर कडधान्यांत पुरेसा असतो. कडधान्यांत मेथिओनिन कमी असते, ते धान्यात मिळते. एकाची उणीव दुसरे भरून काढते. दोन्ही एकाच घासात असायला हवीत असे नाही, दिवसभरात दोन्ही पोटात गेली तरी चालते.

उपवासाच्या दिवशी मात्र हा सगळा आधार निघून जातो. डाळ नाही, उसळ नाही, वाटाणाही चालत नाही, आणि साबुदाण्यात प्रथिने जवळजवळ नसतातच. एकादशीला किंवा चातुर्मासात नेम करणाऱ्या वृद्धांच्या घरी त्या दिवशी शेंगदाण्याचे कूट, दूध आणि दही यांचे प्रमाण मुद्दाम वाढवावे. वीस ग्रॅम कुटातून सुमारे पाच ग्रॅम प्रथिने मिळतात. साबुदाण्यापेक्षा शेंगदाण्याची आमटी आणि भगर हे पोषणाच्या दृष्टीने बरे.

मग भाजी कशासाठी?

प्रथिनांसाठी नसली, तरी भाजी कमी करू नये. त्याच राष्ट्रीय पोषण संस्थेने आदर्श ताटात भाजीला जागा दिली आहे ती तंतू, फोलेट, पोटॅशियम, अ व क जीवनसत्त्व यांच्यासाठी. डाळ-उसळ वाढवली आणि भाजी व पाणी कमी ठेवले, तर म्हाताऱ्या माणसाला बद्धकोष्ठ होतो. पोट साफ नसले की भूक मरते आणि वाढवलेली उसळही ताटात पडून राहते. डाळ आणि धान्यातील लोह अंगी लागावे म्हणून लागणारे क जीवनसत्त्व ब्रोकोलीत भरपूर असते. फार शिजवले की ते कमी होते, म्हणून ब्रोकोली झाकण ठेवून पाच-सहा मिनिटेच वाफवावी. ब्रोकोली मिळाली नाही तर वरणावर पिळलेले लिंबूही हे काम करते.

भूक कमी असलेल्या माणसासाठी जेवणाचा क्रम बदलणे उपयोगी ठरते. आधी उसळ, दही किंवा अंडे, सोबत भाकरी, आणि भाजी अर्धी वाटी. पातळ आमटी किंवा ताक जेवणाच्या सुरुवातीला पोटभर देऊ नये, त्याने पोट भरल्यासारखे वाटते. प्रथिने तीन वेळच्या खाण्यात विभागून द्यावीत. सकाळी नुसता चहा-बिस्किट आणि रात्री एकदम दोन वाट्या उसळ, असे केल्याने स्नायूंना त्यांचा तेवढा उपयोग होत नाही, शिवाय रात्री गॅसेसचा त्रास होतो.

कोठे सांभाळावे

ज्यांचे मूत्रपिंड कमजोर आहे, त्यांनी प्रथिने स्वतःच्या मनाने वाढवू नयेत. डायलिसिसवर नसलेल्या अशा रुग्णांना डॉक्टर बहुधा प्रथिने कमी ठेवण्यास सांगतात, आणि डायलिसिसवर असलेल्यांना उलट अधिक लागतात. मधुमेह किंवा रक्तदाब जुना असेल तर आहार बदलण्याआधी क्रिएटिनिनची तपासणी करून घ्यावी. पालकातील पोटॅशियम हाही अशा रुग्णांसाठी विचारण्याचा मुद्दा आहे. ज्यांना मूतखडा होतो, त्यांनी पालक रोज खाऊ नये, कारण त्यात ऑक्झलेट जास्त असते. त्याऐवजी मेथी चालेल. रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफेरिन चालू असेल, तर पालक आणि ब्रोकोली बंद करण्याची गरज नसते, पण त्यांचे प्रमाण दर आठवड्याला सारखे ठेवावे. एकदम वाढवले किंवा बंद केले, तर त्यांतील के जीवनसत्त्वामुळे औषधाचा परिणाम बदलतो.

वाटाण्याबाबत एक वेगळी काळजी घ्यावी. अर्धांगवायू झालेल्या किंवा गिळताना ठसका लागणाऱ्या माणसाला अख्खा वाटाणा देऊ नये. तो घशात अडकू शकतो. शिजवून, घोटून, गरज वाटल्यास गाळून घेतलेले त्याचे सार द्यावे. वाळलेले वाटाणे रात्रभर भिजवून, ते पाणी टाकून, नव्या पाण्यात पूर्ण मऊ शिजवावेत. सवय नसेल तर पाव वाटीपासून सुरुवात करावी, म्हणजे पोट फुगत नाही.

प्रथिने पुरेशी जात आहेत की नाहीत, हे घरी कसे ओळखावे? महिन्यातून एकदा, सकाळी, सारख्याच कपड्यांत वजन करावे. प्रयत्न न करता सहा महिन्यांत वजन विसांश हिस्स्याने घटले, म्हणजे पन्नास किलोच्या आजींचे अडीच किलोंनी कमी झाले, तर डॉक्टरांना दाखवावे. हातातील बांगड्या सैल होणे आणि मांड्या-पिंढऱ्या बारीक दिसणे हीही त्याच वाटेवरची लक्षणे आहेत. दुसरी परीक्षा खुर्चीची. भिंतीला टेकवलेल्या खुर्चीवर बसवून, हात छातीशी घडी घालून, पाच वेळा उठून बसण्यास सांगावे. जवळ कोणीतरी उभे राहावे. यास पंधरा सेकंदांहून अधिक लागले किंवा हाताचा आधार घ्यावाच लागला, तर पायांतील शक्ती कमी झाली आहे असे समजावे. पायांवर सूज असेल तर ती प्रथिनांच्या कमतरतेची असेलच असे नाही. हृदय, यकृत किंवा मूत्रपिंडाचे कारणही असू शकते, म्हणून त्यावर घरी उपाय करू नये.

उद्या स्वयंपाक करताना एकच मोजणी करून पाहावी. घरातील वृद्ध माणसाच्या वाट्याला दिवसभरात कोरडी डाळ किंवा कडधान्य किती ग्रॅम आले आणि दूध-दही किती वाट्या आले, हे एका कागदावर लिहावे. वरच्या ताटात डाळ-कडधान्य फुटाण्यांसह एकशे दहा ग्रॅम आणि दूध-दही मिळून साडेचारशे मिलीलिटर होते. आपला आकडा याच्या निम्मा असेल, तर तूट तेथे आहे. ती भरून काढण्यासाठी पालकाची आणखी एक जुडी आणू नये. वरण थोडे घट्ट करावे, आणि बाजारात शेंगा दिसल्या तर अर्धा किलो वाटाणा घ्यावा.